निळ्या पेल्यांतलं मेण

त्या घरात धाकटीला तिच्या नावाने कोणी हाक मारत नसे. लग्न होऊन आली तेव्हा काही महिने मारली असेल तेवढीच. मग एका सकाळी टेबलावर काचेचे पेले फुटले आणि थोरल्या दिराने चहा पिता पिता तिचं बारसं केलं: 'खळ्ळ.' सगळे पोट धरून हसले. तिचा नवराही हसला. दिराचं हसू ती केव्हाच विसरली असती, पण नवऱ्याचं हसू तिला विसरता आलं नाही. तेव्हापासून ती खोलीत आली की कोणीतरी म्हणायचं, "खळ्ळ आली रे, ग्लास उचला." पाहुण्यांसमोरसुद्धा. विनोद शिळा झाला, त्याला वास यायला लागला, तरी घरातल्यांना तो टाकवेना.

घराचा धंदा हॉलचा. खाली समारंभाचा मोठा हॉल, वर राहायची जागा आणि मधल्या मजल्यावर कोठीची खोली. तिथे खुर्च्यांची कव्हरं, टेबलक्लॉथ, फुलदाण्या आणि मेणबत्त्या लावायचे काचेचे पेले. समारंभ कुठलाही असो, लोकांना हल्ली टेबलावर मेणबत्ती हवी असते. लावताना छान दिसते. दुसऱ्या दिवशी तळाशी मेणाचा घट्ट बुडखा बसलेला असतो, त्यात वातीची काळी टोकं आणि पत्र्याची चकती रुतलेली, आणि तो कोणीतरी काढायचा असतो.

ते कोणीतरी म्हणजे थोरली जाऊ. तिची पद्धत एकच. किटलीत पाणी खळखळ उकळायचं आणि पेल्यांची रांग लावून एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत ओतत जायचं. मेण वितळून वर तरंगतं, ते पाण्यासकट बेसिनमध्ये भिरकावलं की झालं काम. काम झालं, पण पुढे पाइपात गेलेलं मेण गार होऊन दगड व्हायचं आणि बेसिन तुंबायचं. प्लंबर आता घरच्यासारखाच झाला होता, चहात साखर किती ते सांगावं लागत नसे. शिवाय काच चिकट राहायची, बोट फिरवलं की ओशट रेघ उठायची. थोरलीला त्याचं काही नव्हतं. हात जोरात चालतोय ना, मग काम चांगलंच चाललंय, असा तिचा हिशेब. ती चालतसुद्धा अशी असे की पाठीमागे दार आपोआप आपटावं.

धाकटीची पद्धत वेगळी होती. तिच्या माहेरी मावशीचं छोटं जेवणघर होतं. तिथे मेणबत्तीचे पेले रात्रभर फ्रीजरमध्ये जायचे. गारठ्याने मेण आकसतं, काचेला धरून बसलेलं अंग सोडतं, आणि मग पेला उपडा करून तळाला टिचकी मारली की बुडखा अख्खाच्या अख्खा हातात येतो. पाणी नको, खरवडणं नको. मेण पुन्हा वितळवून वापरता येतं. मावशी तिला एवढंच बजावायची की फ्रीजरमधल्या काचेला लगेच गरम पाणी लावायचं नाही. आधी तिला खोलीची सवय होऊ दे. माणसाचं सुद्धा तसंच असतं, असंही ती म्हणायची, पण मावशीला प्रत्येक गोष्टीत माणूस दिसायचा.

नवी नवरी म्हणून धाकटीने मोठ्या हौसेने हॉलचे उंच पेले हॉलच्या फ्रीजरमध्ये ठेवले होते. सकाळी काढले, टेबलावर ओळीने मांडले आणि मेण ठेवायला पातेलं आणायला खाली गेली. परत आली तर टेबलावर काचांचा सडा. थोरली कमरेवर हात ठेवून उभी आणि भोवती घरचे. थोरली सांगत होती की या बाईने काच फ्रीजरमध्ये घातली, फुटणारच होती, बर्फात घातल्यावर काच आणखी काय करणार.

धाकटीने पाहिलं. टेबल ओलं होतं. तिने पाण्याला बोट लावलं तर ते कोमट होतं. बुडख्यांचा वरचा थर मऊ पडून चकाकत होता, आणि प्रत्येक पेला एकाच जागी तडकला होता, मेणाच्या वरच्या कडेला, गोल. खालचा तुकडा मेणासकट वाटीसारखा बसलेला आणि वरचं नळकांडं वेगळं. किटली गॅसवर होती आणि तिच्या तोटीतून अजून वाफ येत होती. तिने तसं सांगितलं. थोरलीने डोळ्यात पाणी आणून विचारलं की म्हणजे मी खोटं बोलते का. नवऱ्याने धाकटीच्या कोपराला धरून तिला बाजूला नेलं. सासूबाई शेवटी म्हणाल्या, "जाऊ दे. काच आहे, फुटते." आणि विषय मिटला. म्हणजे बाकीच्यांपुरता मिटला. करून सवरून थोरली नामानिराळी राहिली, फ्रीजरमध्ये काच ठेवायला घरात बंदी आली, आणि धाकटीकडे खुर्च्यांची कव्हरं आली. कापड फुटत नाही ना.

साप डूख धरतो म्हणतात. सापाचं खरं खोटं कोणाला माहीत, पण धाकटीने धरला. ती भांडली नाही, माहेरी रडगाणं नेलं नाही, नवऱ्याजवळ कुरकुरली नाही. कव्हरं धुतली, इस्त्री केली, घड्या घातल्या. 'खळ्ळ' ऐकलं की हसली. एवढी छान हसायची की बघणाऱ्याला वाटावं, हिने मनावर घेतलं नाही. पोटात मात्र एकच गोष्ट धरून होती. एक दिवस थोरलीने तोच हात त्याच किटलीला लावावा आणि घरच्यांनी तो डोळ्यांनी बघावा. तिला माफी नको होती. थोरलीने मागितलीच असती तर ती माफी तिला रागाने भिरकावून द्यावीशी वाटली असती.

आणि मग ते निळे पेले तिच्या हातात आले.

ते सासूबाईंचे स्वतःचे होते. हॉल सुरू झाला त्या दिवशी त्यांनी पहिल्या टेबलावर मांडलेले. जाड, गडद निळ्या काचेचे, अंगावर कंगोरे कोरलेले. असले सहाच होते आणि भाड्याने कधीच जात नसत. हॉलला नवा रंग लावला म्हणून आदल्या संध्याकाळी घरच्यांचं जेवण झालं, तेव्हा ते कपाटातून निघाले, आणि आता प्रत्येकाच्या तळाशी बोटभर मेण होतं. संध्याकाळी सासूबाईंच्या बहिणी यायच्या होत्या. त्यांच्यासमोर पुन्हा तेच मांडायचे होते, नव्या मेणबत्त्या घालून.

सासूबाईंनी धाकटीला पहाटेच कोठीच्या खोलीत बोलावलं आणि परात तिच्या हातात दिली. हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुझ्या पद्धतीने काढ. थोरलीच्या पाण्याने काच कशी ओशट होते. कोणाला सांगू नकोस."

धाकटीला भरून आलं. या घरात पहिल्यांदा कोणीतरी तिच्या हातात काच देत होतं. त्या क्षणी तिच्या मनात कपट नव्हतं, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. तिने पेले खालच्या फ्रीजरमध्ये जुन्या टेबलक्लॉथखाली झाकून ठेवले आणि कव्हरांकडे गेली. कपट आलं ते इस्त्री करताना. इस्त्री करताना हात कामात असतात आणि डोकं रिकामं.

दुपारचा चहा कोठीच्या खोलीतच व्हायचा. तिथला मोठा गॅस, तिथलंच लांब टेबल. दोघे भाऊ हॉलमधून वर यायचे, थोरली किटली चढवायची. सासूबाई झोपलेल्या असायच्या, त्यांचा चहा नंतर. आणि समोर मेणाचा पेला दिसला की थोरलीचे हात शिवशिवायचे, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. रस्त्याने जाताना दुसऱ्याच्या दारातली मळकी पायरी बघितली तरी तिला बादली आठवायची.

धाकटीने इस्त्री बंद केली. खाली जाऊन फ्रीजर उघडला. एका पेल्याच्या कडेला मेण काचेपासून सुटलेलं दिसत होतं, आत हवेची पांढुरकी रेघ. बाकीचेही सुटलेच होते. टिचकी मारायचा अवकाश. तिने मारली नाही. तिला सासूबाईंचा पहाटेचा आवाज आठवला, आणि हात थबकलाही. मग तिला पाहुण्यांसमोर ऐकलेलं 'ग्लास उचला' आठवलं. पाच पेले तिने परातीत घेतले. सहावा आतच राहू दिला. म्हातारीला एक तरी राहावा, असं तिला वाटलं. एवढी दया तिच्याजवळ शिल्लक होती.

वर येऊन तिने पेले कोरड्या फडक्याने पुसून टेबलावर ओळीने मांडले. त्यांच्यावर पुन्हा दव धरत होतं, ती पुन्हा पुसत होती. दोघे भाऊ आले. थोरल्या दिराने नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "अरे बापरे, खळ्ळच्या हातात आईचे पेले." धाकटीने त्याच्यासमोर एक एक पेला प्रकाशाला धरून दाखवला. नीट बघून ठेवा भाऊजी, एकही टवका नाही, म्हणजे नंतर माझ्यावर यायला नको, असं ती हसत हसत म्हणाली. दिरानेही गंमत म्हणून मान खाली घालून तपासणी केली आणि पास म्हणून जाहीर केलं. नवरा मोबाइलमध्ये होता, पण त्यानेही वर बघितलं.

थोरली आली. किटली चढली, पाणी उकळायला लागलं. तिची नजर ओळीवर गेली.

"अजून मेण तसंच? संध्याकाळी मावश्या येणार आणि तू फडक्याने कुरवाळत बसलीयस. सर, मी काढते."

धाकटी सरकली. थोरलीने किटली उचलली आणि अर्ध्यावर थांबली. तिचा स्वभाव उतावळा होता, डोकं बथ्थड नव्हतं.

"फ्रीजरमध्ये नव्हते ना ठेवलेस?"

खोलीत कोणाचंच लक्ष नव्हतं. धाकटी तिच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "तुम्हीच बंदी घातलीय ना ताई."

थोरलीला तेवढं पुरलं. तिने नेहमीसारखं एका दमात, हात न थांबवता, पहिल्यापासून पाचव्यापर्यंत ओतलं. तिसऱ्यापर्यंत किटली पोहोचली तोवर पहिल्यातून आवाज आला. खळ्ळ वगैरे काही नाही. नुसतं टक्. वाळकी काडी मोडावी तसं. मग दुसरा, मग तिसरा आणि चौथा जवळजवळ एकदम. जाड काच मजबूत असते असं लोकांना वाटतं. जाड काच उलट आधी जाते, कारण आतलं अंग तापून फुगतं आणि बाहेरच्याला अजून खबरच नसते. पाचवा क्षणभर तग धरून होता. थोरलीने त्याला धरायला हात पुढे केला आणि तो तिच्यासमोर मेणाच्या कडेवरून गोल सुटला. गरम पाणी टेबलावरून भावांच्या मांड्यांवर आलं, दोघे खुर्च्या मागे ढकलून उठले.

धाकटी जागची हलली नाही. किती तरी वेळा मनात पाहिलेलं हे चित्र होतं, आणि खरं चित्र त्याहून सुरेख निघालं होतं. पाच निळ्या वाट्या, प्रत्येकीत पांढरं मेण, कडा सरळ कापल्यासारख्या.

तिने शांतपणे सांगितलं की हो, सकाळपासून हे फ्रीजरमध्येच होते. भाऊजींनी आत्ताच तपासले. तडा होता का, भाऊजी? दिराने नाही म्हणून मान हलवली. त्याच्या तोंडातून पुढचा विनोद काही निघेना.

"म्हणजे फ्रीजरने काच फुटत नाही," धाकटी म्हणाली. "फ्रीजरमधल्या काचेवर उकळतं पाणी ओतलं की फुटते. आणि फुटते ती अशी. बघा नीट. मागच्या वेळी अशीच फुटली होती."

थोरलीचा चेहरा लालबुंद झाला. चूक समजल्यावर गप्प बसणं तिला जमलं असतं तर ती वाचली असती. पण ती किटली गॅसवर आपटून ओरडली, "तू मला मुद्दाम फसवलंस! आणि मागच्या वेळी तरी मला काय स्वप्न पडलं होतं का, की ते फ्रीजरमधून काढलेत म्हणून?"

वाक्य तोंडातून निघालं आणि तिचं तिलाच ऐकू आलं.

टेबलावरून पाणी ठिबकत राहिलं. धाकटीचा नवरा एकदा वहिनीकडे, एकदा बायकोकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतकी वर्षं हसल्याची शरम हळूहळू चढत होती. धाकटीने ती पुरती चढू दिली. मध्ये बोलून त्याची सुटका केली नाही. थोरल्या दिराने बायकोला विचारलं की म्हणजे तेव्हा तूच पाणी ओतलं होतंस? थोरली बाहेर गेली, आणि या वेळी दार आपटलं नाही. धाकटीला वाटलं, ओरडून हसावं. सगळ्या अंगातून काहीतरी गरम गरम वाहतंय असं वाटलं. कोणी म्हणतं सूड घेऊन समाधान मिळत नाही. ज्यांनी घेतलेला नसतो ते म्हणतात.

आवाजाने सासूबाई उठून आल्या. त्यांना काय झालं ते मुलांनी सांगितलं. त्या पदर खोचून एक एक निळा तुकडा परातीत वेचायला लागल्या. तेव्हा मात्र धाकटीच्या आनंदाला पहिला चिमटा बसला. भाऊ खाली निघून गेले. ती धावत फ्रीजरकडे गेली आणि सहावा पेला घेऊन आली.

"आई, हा ठेवला होता तुमच्यासाठी," ती म्हणाली. तिने पेला हातावर उपडा केला, तळाला टिचकी मारली. बुडखा अलगद तळव्यावर आला, गोल, गुळगुळीत, खाली पत्र्याच्या चकतीसकट. आतली काच आरशासारखी स्वच्छ. "चुकले मी. तुमचे घ्यायला नको होते. पण मला खरं काय ते एकदा सगळ्यांना दाखवायचं होतं."

सासूबाईंनी पेल्याकडे पाहिलं. "सहाच्या सहा असेच निघाले असते," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तुझ्याकडे दिले."

ते वाक्य धाकटीने मनात पुन्हा एकदा ऐकलं. फ्रीजरने काच फुटते असं जिला वाटतं, ती बाई स्वतःचे जीव की प्राण पेले फ्रीजरवालीच्या हातात कशी देईल?

"आई," तिने विचारलं, "फ्रीजरने फुटले नव्हते, हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

सासूबाईंनी हातातला निळा तुकडा परातीत ठेवला. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. न बोलणं होतं.

"तेव्हापासून," त्या म्हणाल्या. "मी दारात उभी होते. तिने किटली ओतली ते बघितलं मी."

"आणि तुम्ही म्हणालात, काच आहे, फुटते."

"हॉलचं सगळं तिच्या हातात होतं गं. तिला चारचौघांत खोटं पाडलं असतं तर ती रुसून बसली असती, घर दुभंगलं असतं. तू नवीन होतीस. शांत होतीस. मला वाटलं, तू सोसशील." त्यांनी परात बाजूला ठेवली. "आणि सोसलंसही. मला कौतुक होतं तुझं."

कौतुक. धाकटीने तो शब्द जिभेवर फिरवून बघितला. इतकी वर्षं ती थोरलीला पाण्यात पाहत होती. दातओठ खाऊन कव्हरांच्या घड्या घालत होती. आणि ज्या एका माणसाने तोंड उघडलं असतं तर हे काहीच झालं नसतं, त्या माणसासाठी तिने आज सहावा पेला वाचवला होता, वर त्याचीच माफी मागितली होती. मघाचा आनंद कुठल्या कुठे गेला. त्याच्या जागी एक थंड, स्वच्छ राग आला, आणि तो थोरलीवरच्या रागापेक्षा कितीतरी जुना वाटला.

तिने मेणाचा बुडखा टेबलावर ठेवला. निळा पेला बेसिनमध्ये ठेवला. तो अजून इतका गार होता की तिची बोटं क्षणभर त्याला चिकटली. मग तिने गॅसवरची किटली हलवून बघितली. तळाशी पाणी होतं. तिने गॅस पेटवला.

सासूबाईंना कळायला थोडा वेळ लागला. "अगं," त्या म्हणाल्या, "तो एकच उरलाय."

धाकटी पाणी उकळायची वाट बघत उभी राहिली. सासूबाईंना पुढे होऊन पेला उचलता आला असता, हातभर अंतर होतं. त्या तेव्हा दारात उभ्या होत्या, तशाच आताही उभ्या राहिल्या. पाणी खळखळायला लागल्यावर धाकटीने किटली उचलली आणि सावकाश, धार न तोडता, काठापर्यंत ओतलं. टक् झालं.

त्या घरात तिच्या हातून फुटलेला हा पहिला पेला.